तळणाच्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू दर वेळी वेगळी येते: दोष कढईत की टेबलावर?

तक्रार ठरलेली असते. सकाळी कढईतून काढलेल्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू १.८ येते, दुपारी त्याच बाटलीतलं तेल पुन्हा लावलं की २.२ येते आणि बाहेरच्या लॅबला पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट येतो ०.५७. मग भट्टीवाले म्हणतात लॅब चुकते, लॅबवाली म्हणते तेलच तसं आहे आणि शेठ सगळ्यात वाईट आकडा धरून डबा बदलायला सांगतात. पंधरा किलोच्या डब्याचा भाव बघता ही शंका परवडत नाही.

खालचा प्रसंग नाशिकला अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका चिवडा-फरसाण युनिटमधला आहे. तिथे पामोलिनवर पोहे, शेंगदाणे आणि शेव तळतात, आणि ॲसिड व्हॅल्यू २ च्या वर गेली की तेल काढायचं असा घरचा नियम आहे. हा २ कायद्यातला आकडा नाही, त्यांनी स्वतः ठरवलेली रेघ आहे. पण तिच्या अलीकडे-पलीकडे आकडा सतत उड्या मारत असेल तर रेघेला काही अर्थ राहत नाही.

आधी बघा, दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का

बाहेरच्या रिपोर्टवरच्या ०.५७ च्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: एफएफए, टक्के, ओलेइक ॲसिड म्हणून. युनिटच्या वहीत होती ॲसिड व्हॅल्यू. मोजणी एकच, फक्त मांडणी वेगळी. एक ग्रॅम तेलातली मोकळी फॅटी ॲसिड्स मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं, ती झाली ॲसिड व्हॅल्यू. तीच ॲसिड्स सगळी ओलेइक आहेत असं धरून शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम, ते झालं एफएफए. खालच्या सूत्रांत मिली म्हणजे लागलेला कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, नॉर्मॅलिटी म्हणजे त्याची तीव्रता आणि ग्रॅम म्हणजे तेलाचं वजन:

```
ॲसिड व्हॅल्यू   = ५६.१ × मिली × नॉर्मॅलिटी ÷ ग्रॅम
एफएफए (ओलेइक) % = २८.२ × मिली × नॉर्मॅलिटी ÷ ग्रॅम
```

म्हणजे ओलेइकच्या टक्क्याला १.९९ ने गुणलं की ॲसिड व्हॅल्यू मिळते. ०.५७ ची झाली १.१३. पामच्या तेलाला काही लॅब एफएफए पामिटिक म्हणून देतात, तिथे २८.२ च्या जागी २५.६ येतं आणि गुणक बदलून २.१९ होतो. म्हणून रिपोर्टच्या ओळीत ‘ओलेइक’ की ‘पामिटिक’ हे वाचल्याशिवाय तुलना करू नका. ॲसिड व्हॅल्यूला ही भानगड नाही, कारण तिच्यात कुठलं फॅटी ॲसिड ते धरावंच लागत नाही. मी वहीत नेहमी तीच लिहायला सांगतो.

एवढं झाल्यावर बाहेरचा आकडा १.१३ आणि घरचा १.८ ते २.२. फरक निम्मा झाला, संपला मात्र नाही. आता टेबलाकडे बघायचं.

एकच तेल, दोन वजनं

चूक शोधायला बहुतेक लोक तीच चाचणी पुन्हा पुन्हा करत बसतात. त्यातून चूक दिसत नाही, फक्त कंटाळा येतो. त्यापेक्षा एकच नमुना घ्या, नीट हलवा, एका फ्लास्कमध्ये पाच ग्रॅम आणि दुसऱ्यात दहा ग्रॅम घ्या. बाकी सगळं एकसारखं: तेल मिसळायला तेच अल्कोहोल, तेवढंच अल्कोहोल, तोच कॉस्टिक, तोच हात. तेल दुप्पट तर कॉस्टिकही दुप्पट लागलं पाहिजे आणि ॲसिड व्हॅल्यू दोन्हीकडे सारखी आली पाहिजे.

त्या दिवशी लॅबमधल्या ताईंनी मोजलं ते असं. अल्कोहोल दोन्हीकडे मोजून ५० मिली, कॉस्टिक ०.१ नॉर्मल. पाच ग्रॅमला १.६ मिली लागलं, म्हणजे ॲसिड व्हॅल्यू १.८०. दहा ग्रॅमला लागलं २.६ मिली, म्हणजे १.४६.

दुप्पट तेलाला दुप्पट कॉस्टिक लागला नाही. १.६ चे ३.२ व्हायला हवे होते, झाले २.६. म्हणजे दोन्ही फ्लास्कमध्ये काहीतरी असं आहे जे तेलाच्या वजनाशी संबंध न ठेवता ठरावीक कॉस्टिक खातंय. किती खातंय तेही यातूनच निघतं. पाच ग्रॅम जादा तेलाने १.० मिली जादा मागितलं. मग पहिल्या पाच ग्रॅमचाही हक्क १.० मिलीचाच. १.६ मधून तो वजा केला की राहतात ०.६ मिली, तेलाशी काही देणंघेणं नसलेले. आणि खरी ॲसिड व्हॅल्यू झाली ५६.१ × १.० × ०.१ ÷ ५ = १.१२. बाहेरची लॅब १.१३ म्हणत होती.

ताई म्हणाल्या, “सर, म्हणजे आमचं तेल एवढं वाईट नव्हतंच?” शेठ शेजारीच उभे होते, त्यांनी उत्तराची वाट न बघता मागच्या महिन्यात काढलेल्या डब्यांचा हिशेब विचारला.

ही दोन वजनांची तपासणी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती फक्त चूक आहे एवढं सांगत नाही, कुठली आहे तेही सांगते. कमी वजनाला आकडा जास्त आणि जास्त वजनाला कमी आला, तर सहसा आंबटपणा अल्कोहोलमधून येतोय. दोन्ही वजनांना आकडा एकसारखा येतो पण बाहेरच्या लॅबशी जुळत नाही, तर कॉस्टिकच्या बाटलीवर संशय घ्या. आणि दोन्ही आकडे कधी असे कधी तसे, कुठलाही नेम नसलेले येत असतील, तर रंग ओळखण्यात किंवा नमुना घेण्यात गडबड आहे.

अल्कोहोल आंबट असतं

ते ०.६ मिली अल्कोहोलने खाल्ले होते. बाटलीतलं अल्कोहोल कधीच पूर्ण तटस्थ नसतं. त्याचा थोडा भाग हवेने आम्ल झालेला असतो, वर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटली जुनी आणि वारंवार उघडलेली असेल तर जास्तच. तेलात ॲसिड खूप असेल तर हे खपून जातं. पण रिफाइंड तेलावर तळण करणाऱ्यांचे आकडे मुळात लहान, तिथे ०.६ मिली म्हणजे निम्म्याहून जास्त घोटाळा.

सकाळी १.८ आणि दुपारी २.२ याचंही कोडं इथेच सुटलं. अल्कोहोल मोजपात्राने न घेता अंदाजाने ओतलं जात होतं. ५० मिली ओतलं तर ०.६ मिली कॉस्टिक फुकट जातो, ८० मिली ओतलं तर जवळजवळ ०.९६. मग त्याच पाच ग्रॅम तेलाचे १.० आणि वरचे ०.९६ मिळून १.९६ मिली होतात आणि वहीत पडते २.२०. तेल तेच, ओतणारा हात सैल.

उपाय जुना आहे आणि पद्धतीच्या प्रत्येक कागदावर लिहिलेला असतो, तरी गडबडीत हाच टप्पा गळतो. फ्लास्कमध्ये ५० मिली अल्कोहोल घ्या, पाण्याच्या बाथवर साठ-पासष्ट अंशापर्यंत गरम करा. उघड्या गॅसवर नको. भट्टी पलीकडेच पेटलेली असते आणि अल्कोहोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते. फिनॉल्फ्थॅलीनच्या १ टक्का द्रावणाचा साधारण एक मिली टाका. मग ०.१ नॉर्मल कॉस्टिक थेंब थेंब सोडत रहा आणि फ्लास्क फिरवत रहा, इतका फिका गुलाबी रंग येईपर्यंत की पांढऱ्या कागदावर धरला तरच दिसावा. तो अर्धा मिनिट टिकला पाहिजे. या कामाला लागलेला कॉस्टिक मोजायचा नाही, विसरायचा. आता ब्युरेट पुन्हा शून्यावर आणा.

मग वजन केलेलं तेल याच गुलाबी, गरम अल्कोहोलमध्ये घाला. तेल पडून फ्लास्क हलवला की गुलाबी क्षणात निघून जातो. तो गेला म्हणजे काम बरोबर चाललंय. तेलातल्या ॲसिडने तो खाल्ला, आणि आता जो कॉस्टिक लागेल तो सगळा तेलाच्या नावावर. हे पहिल्यांदा बघताना ताईंनी घाबरून विचारलं, रंग का गेला? रंग गेला नसता तर घाबरायचं.

सकाळी अर्धा लीटर अल्कोहोल एकदम तटस्थ करून ठेवलं आणि दिवसभर वापरलं तर चालेल का, हे मला दर ठिकाणी विचारतात. नाही चालत. दुपारपर्यंत त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो, गुलाबी कधीचा उडालेला असतो. प्रत्येक फ्लास्क स्वतंत्र तटस्थ करायला दोन मिनिटं लागतात.

याच पद्धतीने पुन्हा लावल्यावर त्याच तेलाला पाच ग्रॅममागे १.० मिली आणि दहा ग्रॅममागे २.० मिली लागलं. दोन्हीकडे १.१२.

अल्कोहोल कुठलं, हाही प्रश्न येतो. पद्धतीत इथेनॉल आहे. पण त्याला एक्साइजची परवानगी वगैरे लागते, म्हणून बरेच छोटे युनिट आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. घरच्या रोजच्या तपासणीला ते चालतं, उलट तेल त्यात जास्त चांगलं विरघळतं. तटस्थ मात्र तेही करावंच लागतं. आणि आज इथेनॉल, उद्या आयपीए असं करू नका.

गुलाबी येतो आणि जातो

टायट्रेशन चालू असताना गुलाबी आला, हलवलं, गेला. परत एक थेंब, परत आला, परत गेला. कुठे थांबायचं? इथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात.

पहिली, तेल आणि इथेनॉल नीट मिसळत नाहीत. कॉस्टिक वरच्या अल्कोहोलमध्ये पडतो आणि ॲसिड अजून तेलाच्या थेंबांमध्ये बसलेलं असतं. हलवलं की थोडं बाहेर येतं आणि गुलाबी खातं. असं असेल तर तुम्ही शेवटाला पोचलेलाच नाही. फ्लास्क गार झाला असेल तर परत गरम करा, झाकण लावून जोरात हलवा, झाकण जपून उघडून वाफ सोडा आणि पुढे चला. गार फ्लास्कमध्ये मंद हाताने केलेलं टायट्रेशन नेहमी कमी आकडा देतं, आणि वजन जास्त असेल तर आणखी कमी.

इथे एक खोच आहे. दहा ग्रॅमला आकडा कमी येण्याचं कारण अल्कोहोल असू शकतं तसंच हे अपुरं हलवणंही असू शकतं. दोन्ही वेगळे करायला सोपा मार्ग म्हणजे तेल न घालता नुसत्या अल्कोहोलला किती कॉस्टिक लागतो ते बघणं. अंबडला तो ०.६ च निघाला, म्हणून शंका राहिली नाही.

दुसरी गोष्ट हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू फ्लास्कमध्ये जातो आणि फिका गुलाबी मिनिटभरात ओसरतो. आणि तिसरी, कॉस्टिक जादा झाला आणि गरम फ्लास्क तसाच ठेवला तर तो चांगल्या तेलालाच फोडून साबण करायला लागतो. यातही रंग जातो आणि जितका कॉस्टिक घालाल तितका खपतो.

म्हणून नियम वेळेचा ठेवायचा. जोरात हलवल्यावर फिका गुलाबी ३० सेकंद टिकला की ब्युरेट वाचा आणि फ्लास्क बाजूला ठेवा. पुढच्या मिनिटात तो गेला तरी परत हात लावायचा नाही. ही शिस्त दोन माणसांनी एकसारखी पाळली तर त्यांचे आकडे जुळतात. एक जण ‘दिसला गुलाबी’ म्हणून थांबतो आणि दुसरा गडद होईपर्यंत सोडत राहतो, तिथे कितीही महागडा तराजू आणा, उपयोग नाही.

तेल चहाच्या रंगाचं झालंय, गुलाबी दिसणार कसा?

नव्या तेलाला हा त्रास नाही. सात-आठ घाणे निघाले, शेवेचा चुरा जळाला, हळद-तिखट उतरलं की तेल तांबूस होतं आणि त्यात फिका गुलाबी हरवतो. मग माणूस नकळत जास्त कॉस्टिक घालतो, गुलाबी ‘खात्रीने’ दिसेपर्यंत. काळ्या तेलाची ॲसिड व्हॅल्यू वाटते त्याहून जास्त येण्याचं हे नेहमीचं कारण.

आधी जोडीला एक फ्लास्क ठेवा: तेच तेल, तेवढंच अल्कोहोल, फक्त फिनॉल्फ्थॅलीन नाही. दोन्ही पांढऱ्या टाइलवर शेजारी धरले की रंगात पडलेला पहिला फरक डोळ्याला कळतो. इथेनॉल वापरत असाल तर आणखी एक सोय आहे. हलवणं थांबवलं की तेल खाली बसतं, अल्कोहोल हलकं म्हणून वर येतं आणि वरचा थर बराच स्वच्छ असतो. रंग तिथे बघा. आयपीएमध्ये तेल बहुतेक विरघळून जातं, त्यामुळे हा वरचा थर मिळत नाही. काळ्या तेलापुरतं मला म्हणूनच इथेनॉल बरं वाटतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर इंडिकेटर बदला. थायमॉल्फ्थॅलीन रंगहीनाचा निळा होतो. तांबूस पिवळ्यावर निळा चढला की हिरवट झाक येते आणि ती गुलाबीपेक्षा लवकर डोळ्यात भरते. अल्कली ब्लू ६बी हाही जुना, चालणारा पर्याय आहे, तो निळ्याचा लाल होतो. मात्र इंडिकेटर बदललात तर अल्कोहोल तटस्थ करतानाही तोच वापरा, आणि वहीत तसं लिहा.

काही जण तेल कमी घेतात, म्हणजे रंग फिका होतो. कल्पना चांगली, पण तिला किंमत आहे. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. आपल्या १.१२ वाल्या तेलाचे पाच ग्रॅम घेतले तर एका थेंबाने ॲसिड व्हॅल्यू ०.०५६ ने हलते, दहा ग्रॅमला ०.०२८ ने. अडीच ग्रॅमला तोच थेंब ०.११ चा फरक पाडतो. म्हणून तेल कमी घ्यायचं तर कॉस्टिकही पातळ करा, ०.०५ नॉर्मल किंवा त्याहून कमी, आणि दहा मिलीची बारीक रेघांची ब्युरेट वापरा. सर्वसाधारण अंदाज असा: ॲसिड व्हॅल्यू १ च्या खाली असेल तर २० ग्रॅम, १ ते ४ मध्ये १० ग्रॅम, त्याच्या वर अडीच ग्रॅम पुरतात. आणि एका टायट्रेशनला दहा मिलीपेक्षा जास्त कॉस्टिक लागू देऊ नका. त्याच्याबरोबर पाणीही फ्लास्कमध्ये जातं, साबण आणि तेलाचं दूध होतं आणि शेवट धूसर होतो.

कॉस्टिकची बाटली

यावर थोडक्यात. बाटलीवर ०.१ लिहिलं म्हणून आत ०.१ असतं असं नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करता ओल धरतात आणि बनवलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन हळूहळू हलकं पडतं. हलक्या कॉस्टिकचे जास्त मिली लागतात, सूत्रात आपण ०.१ च टाकतो, आणि तेल आहे त्याहून वाईट दिसतं.

तपासायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट १२० अंशाला दोन तास सुकवा, डेसिकेटरमध्ये गार करा, त्यातलं ०.४०८४ ग्रॅम पाण्यात विरघळवा आणि फिनॉल्फ्थॅलीन टाकून टायट्रेट करा. कॉस्टिक बरोबर ०.१ असेल तर २०.० मिली लागतात. २१.५ मिली लागले तर कॉस्टिक खरा ०.०९३ आहे आणि तुमचे सगळे आकडे साडेसात टक्क्यांनी फुगलेत. १.१२ ची १.२१ दिसेल. दर आठवड्याला हे करा आणि निघालेली नॉर्मॅलिटी सूत्रात टाका. द्रावण फेकायची गरज नाही. पाणी उकळून गार केलेलं वापरा आणि बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेचं बूच काचेला धरून बसतं.

आकडा चांगला, तेल वाईट

आतापर्यंतच्या चुका बहुतेक आकडा फुगवणाऱ्या होत्या. उलटी चूक जास्त फसवी असते, कारण चांगल्या आकड्यावर कोणी तक्रार करत नाही.

त्याच युनिटमध्ये पापडी-गाठियाची वेगळी कढई होती. तेल गडद, वर फेस न मोडणारा, तळलेल्या मालाला जिभेवर रेंगाळणारी चव, आणि वहीत ॲसिड व्हॅल्यू ०.७. भट्टीवर बसणारे मामा म्हणाले, “साहेब, आकड्याचं तुमचं तुम्ही बघा, हे तेल मेलंय.” मामांचं बरोबर होतं.

गाठियाच्या पिठात पापडखार किंवा खाण्याचा सोडा असतो. दोन्ही अल्कली. पीठ तेलात पडलं, चुरा सुटला की तो अल्कली तेलातल्या मोकळ्या फॅटी ॲसिडला धरतो आणि साबण बनवतो. आपलं टायट्रेशन मोकळं ॲसिडच मोजतं, साबण झालेलं मोजत नाही. म्हणजे जे काम ब्युरेटने करायचं ते कढईतच अर्धं उरकलेलं असतं. रात्री कढई कॉस्टिकने धुऊन नीट न खंगाळल्यावरही हेच होतं. आणि हा साबण निरुपद्रवी नसतो, तो फेस वाढवतो आणि तेल आणखी लवकर फुटायला मदत करतो.

साबण आहे का ते बघायला असिटोनमध्ये २ टक्के पाणी मिसळा, ब्रोमोफिनॉल ब्लूचे थेंब टाका आणि अगदी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने रंग पिवळा करून घ्या. त्यात गरम केलेलं तेल घालून हलवा आणि थर वेगळे होऊ द्या. वरचा असिटोनचा थर पिवळा राहिला तर साबण नाही. हिरवा किंवा निळा झाला तर आहे. मग ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने तो परत पिवळा होईपर्यंत मोजलं की किती आहे तेही कळतं. असिटोन भट्टीपासून लांब, हे सांगायला नको.

गाठियाच्या त्या तेलाचा थर शाईसारखा निळा झाला. त्या कढईपुरती ॲसिड व्हॅल्यूवर मदार ठेवायची नाही असं तिथेच ठरलं.

तसंही ॲसिड व्हॅल्यू मुख्यतः एकच गोष्ट सांगते: मालातल्या पाण्याने तेल किती फुटलंय. ऑक्सिजनने आणि उष्णतेने तेल घट्ट होतं, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, ते इथे दिसत नाही. शिवाय रोज नव्या तेलाची भर घातली की आकडा खाली येतो, जुनं बिघडलेलं तेल मात्र कढईतच असतं. कायद्याने पकडलेली मर्यादाही वेगळी आहे. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयने तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडेल तसे वाढणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही असं ठरवलंय. ते मोजायला हातात धरायचं मीटर मिळतं. चिवड्याच्या कढईला दोन्ही आकडे शेजारी लिहावेत, गाठियाच्या कढईला मीटरवरच विसंबावं.

नमुना

राहिला नमुना. घाणा काढल्यावर तेल ढवळा, पाचेक मिनिटं चुरा बसू द्या आणि स्टीलच्या ओगराळ्याने मधल्या थरातून घ्या. तळाचा गाळ नको आणि वरचा फेसही नको. कोरड्या काचेच्या बाटलीत घेऊन गाळणकागदातून गाळा. बाटली धुऊन ओलीच वापरली तर पाण्याचे थेंब राहतात आणि तराजूवर तेलाच्या नावाने पाणी मोजलं जातं.

नाशिकच्या थंडीत आणखी एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर टेबलावर ठेवलेलं पामोलिन सकाळी अर्धं गोठलेलं असतं, खाली पांढरा घट्ट भाग आणि वर पिवळं पातळ. वरचं ओतून घेतलं तर तो कढईतल्या तेलाचा नमुना नाही. मोकळी फॅटी ॲसिड्स दोन्ही भागांत सारखी वाटली जात नाहीत. अख्खी बाटली ६० अंशाच्या पाण्यात ठेवा, पूर्ण वितळून स्वच्छ झाली की उलटीसुलटी करून हलवा आणि मगच वजन करा. अंबडच्या लॅबमध्ये आता हिवाळ्यात ही बाटली सकाळी आधी बाथमध्ये जाते, आणि अल्कोहोल तटस्थ होईपर्यंत ती वितळलेली असते.